जळालेल्या मालाचा हिशेब

भिवंडीतल्या एखाद्या कापडाच्या गोदामाला आग लागली की उरते ती राख, आणि राखेवरून किती ताके होते ते मोजता येत नाही. म्हणून विमा कंपनीला लिहिलेल्या दावापत्राचा खरा कणा म्हणजे आगीच्या दिवशीचा साठा कागदावरून सिद्ध करणे.

समजा, १ एप्रिलला ४० लाखांचा माल होता. आगीपर्यंत ९० लाखांची खरेदी आणि १ कोटीची विक्री झाली. नफा विक्रीच्या २० टक्के धरला तर विकलेला माल ८० लाखांचा, म्हणजे गोदामात ५० लाखांचा उरला. पत्रात हाच हिशेब मांडावा. सोबत खरेदीची बिले, जीएसटी विवरणपत्रे आणि बँकेला दिलेले स्टॉक स्टेटमेंट जोडावे. बँकेला फुगवून दाखवलेला आकडा इथेच अंगाशी येतो, कारण सर्वेक्षक दोन्ही कागद शेजारी ठेवून पाहतो.

आगीची खबर त्याच दिवशी द्यावी. तपशीलवार लेखी दावा पॉलिसीत दिलेल्या मुदतीत द्यावा. अग्निशमन दलाचा दाखला आणि पंचनामा उशिरा मिळणार असेल तर तसे लिहावे, पण पत्र थांबवू नये. अर्धवट जळालेले ताके सर्वेक्षक येईपर्यंत हलवू नयेत.

विमा ४० लाखांचाच असेल आणि ५ लाखांचा माल वाचला असेल, तर ४५ लाखांच्या नुकसानीपोटी चार-पंचमांश, म्हणजे ३६ लाखच मिळतात. त्यातूनही पॉलिसीतली ठरावीक वजावट होते.