रोल नंबरने केला घात

आमच्या बीई प्रोजेक्टमधल्या निकालाच्या साइटवर नजर ठेवायला आम्ही प्रोमिथियस लावलं होतं. रिक्वेस्ट मोजणारा एकच काउंटर, त्याला पान आणि स्टेटस कोड ही दोन लेबलं. 5 पानं, 4 कोड, म्हणजे फार तर 20 सीरिज. झकास चाललं होतं.

मग मला हुक्की आली, कोण किती वेळा निकाल पाहतो तेही कळू दे! `roll_no` हे तिसरं लेबल जोडलं. डेमोच्या आदल्या रात्री 3000 रोल नंबरांचा नकली लोड सोडला आणि लॅबच्या 512 एमबीच्या मशीनवर प्रोमिथियसने मानच टाकली. पुन्हा सुरू केलं, तर डिस्कवरचा लॉग वाचून त्याच सीरिज परत मेमरीत, आणि परत तेच!

गोम अशी, की लेबलांच्या किमतींची प्रत्येक वेगळी जोडणी ही स्वतंत्र सीरिज असते. किमतींचा गुणाकार होतो, बेरीज नाही. 5 × 4 × 3000 म्हणजे 60,000 पर्यंत. एखादा रोल नंबर एकदाच आला तरी त्याची सीरिज ॲप रीस्टार्ट होईपर्यंत दर वेळी पाठवली जाते.

हे आधी ओळखायचं, तर हा आकडा बघत राहा:

```
prometheus_tsdb_head_series
```

वापर तेवढाच असून तो चढतच राहिला, तर समजा लेबलात गडबड आहे.

आम्ही `roll_no` काढून टाकलं आणि रोल नंबर साध्या लॉग फाइलमध्ये लिहिला. 'किती' हे मेट्रिकला विचारायचं, 'कोण' हे लॉगला. लेबल जोडण्याआधी त्याच्या किमती बोटांवर मोजता येतात का, ते बघा!