एक तक्ता, एक ओळ, एक तुलना

आता आपण पुण्याचंच उदाहरण घेऊ. २०२० च्या जुलै-ऑगस्टमध्ये जास्त लागण असलेल्या पाच प्रभागांत कोरोनाचं सीरो-सर्वेक्षण झालं होतं. रक्तात अँटिबॉडी आहेत का, हे पाहण्यासाठी १,६६४ जणांचे नमुने घेतले आणि ५१.५ टक्के लोकांत त्या सापडल्या. निष्कर्षांत प्रभाग, वय, स्त्री-पुरुष, घराचा प्रकार आणि शौचालय अशी बरीच विभागणी होती. हा सगळा तक्ता स्लाइडवर टाकला, की मागच्या रांगेतला माणूस मोबाइल काढतो!

मग ओळ कुठली उचलायची? सगळ्यात मोठा फरक जिथे दिसतो ती, असं आपल्याला पटकन वाटतं. प्रभागांत तो ३६.१ पासून ६५.४ पर्यंत जातो. पण समोर वॉर्डातले आरोग्य अधिकारी बसलेत असं धरू. प्रभाग त्यांना बदलता येत नाही. सामायिक शौचालयाची सफाई आणि तिथली गर्दी मात्र त्यांच्या हातात आहे. म्हणून आपण ती ओळ घेतो: सामायिक शौचालय वापरणाऱ्यांत ६२.३ टक्के, स्वतंत्र वापरणाऱ्यांत ४५.३.

स्लाइडवर दोनच आडव्या पट्ट्या काढू. पहिली गडद, दुसरी राखाडी, आणि आकडे पट्टीच्या टोकाशीच: ६२ आणि ४५. दशांश इथे कामाचा नाही. पट्टी मात्र शून्यापासूनच सुरू व्हायला हवी. ती ४० पासून सुरू केली, तर २२ विरुद्ध ५ अशी लांबी दिसते; म्हणजे चौपटीहून जास्त. खरं प्रमाण दीडपटीच्याही आतच आहे. अशी चूक सॉफ्टवेअर आपोआप करून देतं, म्हणून अक्ष बघायची सवय हवी.

शीर्षकात ‘शौचालय आणि संसर्ग’ असं लिहून काही कळत नाही. पूर्ण वाक्यच लिहू: ‘सामायिक शौचालय वापरणाऱ्या १०० पैकी ६२ जणांत अँटिबॉडी, स्वतंत्र वापरणाऱ्यांत ४५.’ फरक तोंडी सांगतानाही जपून बोलायचं. तो १७ टक्के बिंदूंचा आहे. ‘१७ टक्क्यांनी जास्त’ म्हटलं तर चूक होते, कारण ४५ च्या तुलनेत वाढ सुमारे ३८ टक्के आहे.

इथे खरी पंचाईत अशी, की एक ओळ वेगळी काढली की तिच्या शेजारच्या ओळी नजरेआड होतात. सामायिक शौचालय वापरणारी कुटुंबं बहुतेक वेळा लहान घरांत, दाटीच्या वस्तीत राहतात. मग संसर्ग शौचालयातून आला की दाटीतून? या दोन पट्ट्या ते सांगू शकत नाहीत. म्हणून शीर्षकात ‘मुळे’ हा शब्द नको. तळाशी बारीक पण वाचता येईल अशी ओळ हवी: पाच प्रभाग, संपूर्ण शहर नव्हे, एकूण नमुने १,६६४. प्रत्येक गटात किती जण होते, तेही पट्टीखाली लिहायचं.

आणि मूळ तक्ता फेकायचा नाही. शेवटच्या स्लाइडनंतर तो तसाच ठेवायचा. कोणी ‘वयाचं काय?’ विचारलं, की उघडता येतो.