सर्वाधिक सौदे कुठे झाले?

शेअरचा बंद भाव दिवसाची अखेर सांगतो. व्हॉल्यूम प्रोफाइल कोणत्या भावाला किती शेअर हातोहात गेले ते दाखवते. समजा, दिवसभरात एक लाख शेअरचे सौदे झाले: ९८ रुपयांना ६ हजार, ९९ला १४, १००ला २२, १०१ला ३०, १०२ला १८ आणि १०३ला १० हजार. १०१ हा ‘पॉइंट ऑफ कंट्रोल’. तिथून शेजारचा जास्त उलाढालीचा भाव जोडत जायचे: आधी १००, मग १०२. सत्तर टक्के भरले, म्हणून १०० ते १०२ हा ‘व्हॅल्यू एरिया’.

हा भाव रास्त म्हणजे खरेदीदार-विक्रेत्यांना त्या दिवशी पटलेला. कंपनीचे मोल नव्हे. उद्या निकालानंतर १०८लाच मोठी उलाढाल टिकली, तर १०१कडे परतण्याची वाट पाहणे महागात पडते.