परदेशी नोटेचा परतीचा प्रवास

स्टेट बँक रोज सकाळी परदेशी चलनांच्या दरांचा तक्ता जाहीर करते. त्यात डॉलरच्या ओळीत खरेदीचेच तीन-चार वेगवेगळे दर दिसतात. `TT BUY` या रकान्यात परदेशातून खात्यावर आलेल्या डॉलरचा दर असतो, तर `CN BUY` मध्ये काउंटरवर आणून दिलेल्या नोटांचा. नोटांचा दर कायम खालचा. मुलाकडे अमेरिकेला जाऊन आलेले आजी-आजोबा उरलेले डॉलर घेऊन बँकेत जातात आणि तिथे हा फरक कळला की त्यांना आपली फसवणूक झाल्यासारखे वाटते. डॉलर तो डॉलर, मग कागदाचा स्वस्त कसा?

आकडे धरून पाहू. समजा, एका दिवशी बँकेचा खात्यावरचा खरेदी दर ८५ रुपये ६० पैसे आहे आणि नोटांचा ८४ रुपये ५० पैसे. दोन हजार डॉलर अमेरिकेतून खात्यावर आले तर १,७१,२०० रुपये मिळतील. तेच शंभराच्या वीस नोटा करून आणले तर १,६९,०००. फरक २,२०० रुपयांचा.

खात्यावर ‘आलेले’ डॉलर खरे तर भारतात येतच नाहीत. आपल्या मोठ्या बँकांची न्यूयॉर्कमधल्या बँकांत डॉलरची खाती असतात, त्यांना नॉस्ट्रो खाती म्हणतात. मुलाने पैसे पाठवले की तिथल्या वहीत त्याच्या बँकेच्या नावावरून रक्कम कमी होते आणि आपल्या बँकेच्या नॉस्ट्रो खात्यात जमा होते. इथे बापाला रुपये मिळतात. बँकेला ते डॉलर नको असतील तर मुंबईच्या आंतरबँक बाजारात ती ते काही मिनिटांत विकू शकते. कशाची ने-आण नाही, साठवण नाही, खोटेपणाची भीती नाही. त्यामुळे थोड्या पैशांच्या फायद्यावर बँकेचे भागते.

आता पुण्यातल्या शाखेत आलेल्या त्या वीस नोटा पाहा. या नोटांनी इथे किराणा घेता येत नाही, त्या रिझर्व्ह बँकेत भरता येत नाहीत आणि त्यांच्यावर छदामही व्याज मिळत नाही. बँकेने मात्र १,६९,००० रुपये रोख देऊन टाकलेले असतात. त्या नोटा महिनाभर तिजोरीत पडून राहिल्या आणि बँकेच्या पैशाचा खर्च वर्षाला सात टक्के धरला, तरी जवळजवळ हजार रुपये नुसते पडून राहण्यात गेले. म्हणजे आपल्या फरकातला पावणेअर्धा हिस्सा नोट जागची न हलताच संपला. डॉलर घसरण्याचा धोका वेगळाच. तो टाळायला बँक तितकेच डॉलर बाजारात आधी विकून ठेवू शकते, पण तसे करायलाही खर्च येतो.

यातून सुटण्याच्या बँकेपुढे दोनच वाटा आहेत. सोपी वाट म्हणजे परदेशी निघालेल्या दुसऱ्या ग्राहकाला त्याच नोटा विकणे. यात फायदा चांगला, कारण नोटा विकण्याचा दर खरेदीच्या बराच वर असतो. पण येणाऱ्या-जाणाऱ्यांचा मेळ क्वचितच जमतो. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी सगळ्यांना नोटा हव्या असतात आणि सुट्टी संपली की सगळे उरलेल्या परत आणतात. गल्लीतला परवानाधारक मनी चेंजर अनेकदा बँकेपेक्षा बरा दर देतो तो याचमुळे: सकाळी घेतलेली नोट संध्याकाळी दुसऱ्याच्या हातात जाईल इतकी त्याच्याकडे उलाढाल असते. ज्या चलनाला दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक नाही त्याचा फरक वाढत जातो. काही चलनांच्या नोटा तर बँक हातातही धरत नाही.

दुसरी वाट लांबची. साठलेल्या नोटा शाखांमधून गोळा करायच्या, मोजायच्या, मूल्यानुसार लावायच्या, सीलबंद करायच्या आणि विमा उतरवून विमानाने परदेशातल्या घाऊक नोटा घेणाऱ्या बँकेकडे पाठवायच्या. तिथे पुन्हा मोजणी आणि तपासणी होते. त्यानंतरच ती रक्कम नॉस्ट्रो खात्यात जमा होते. थोडक्यात, खात्यावरचा डॉलर ज्या जागी पहिल्या दिवशीच होता, तिथे पोचायला कागदी डॉलरला हा सगळा फेरा घालावा लागतो आणि त्याचे भाडे आधीच तुमच्या दरातून कापलेले असते.

या भाड्यात नोट किती मूल्याची आहे याला फार महत्त्व. अमेरिकेची प्रत्येक नोट, एकाची असो की शंभराची, साधारण एक ग्रॅम वजनाची असते. दहा लाख डॉलर शंभराच्या नोटांत दहा किलो भरतात, वीसच्या नोटांत पन्नास किलो आणि एकेकाच्या नोटांत चक्क एक टन. मोजणीचे कामही त्याच पटीत वाढते. म्हणून इंडोनेशियासारख्या देशांत मनी चेंजर लहान नोटांना उघडपणे कमी दर लावतात. नाण्यांच्या वाट्याला तर कोणी जातच नाही.

राहिला खोट्या नोटेचा धोका. तो दरात दिसत नाही, पण असतो. १९८९ मध्ये मनिलाच्या बँकेत शंभर डॉलरची अशी बनावट नोट सापडली की पुढे तिच्या जातीला ‘सुपरनोट’ हे नाव पडले. शाखेतल्या कॅशियरच्या नजरेतून अशी नोट सुटली आणि परदेशातल्या यंत्राने पकडली, तर नुकसान बँकेचे. ग्राहक तोवर रुपये घेऊन गेलेला असतो. जुन्या छपाईच्या नोटांबद्दल बँका नाक मुरडतात तेही यामुळेच. अमेरिकेच्या १८६१ नंतरच्या नोटा कायद्याने आजही चालतात, पण म्हणून कॅशियरने त्या घ्यायलाच हव्यात असे नाही. ब्रिटनचे तसे नाही. कागदी वीस आणि पन्नास पौंडांच्या नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर व्यवहारातून बाद झाल्या. कपाटात राहिलेली अशी नोट बँक ऑफ इंग्लंड आजही बदलून देते, पण इथल्या काउंटरवर तिला किंमत नाही.

सगळा फरक खर्चातच जातो असे मात्र मला वाटत नाही. नोटा घेऊन आलेला माणूस दहा ठिकाणी चौकशी करत हिंडत नाही, हे बँकेला पक्के ठाऊक असते. मोठी रक्कम खात्यावर मागवणारा व्यापारी दरासाठी घासाघीस करतो, आजोबा करत नाहीत.

तरीही खात्यावर पैसे मागवणे नेहमीच स्वस्त पडते असे नाही. बँकेमार्फत पैसे पाठवताना ठोक शुल्क लागते आणि मधली बँकही कधी आपला वाटा कापते. हे सगळे मिळून पंचवीस डॉलर धरले तर वरच्या दराने २,१४० रुपये होतात. नोटांचा तोटा डॉलरमागे एक रुपया दहा पैसे. म्हणजे साधारण १,९५० डॉलरपर्यंत नोटा आणणेच परवडते, त्यापुढे खाते. आणि लवकरच पुन्हा जायचे असेल तर बँकेत जायचीही गरज नाही. परतल्यानंतर दोन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा पुढच्या प्रवासासाठी घरी ठेवायला रिझर्व्ह बँकेची मुभा आहे. त्यावरच्या मात्र १८० दिवसांत बँकेत किंवा मनी चेंजरकडे द्याव्या लागतात.