गुण सारखे, मग पहिलं कोण?

स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलांसाठी काढलेलं एक क्विझ अ‍ॅप आहे, असं समजा. आठवडाभर प्रश्न सोडवायचे आणि रविवारी रात्री गुणफलकावर जो वर, त्याला पुस्तकांचं कूपन. या आठवड्यात आदित्य आणि सायली या दोघांचेही गुण ८४० झाले. आदित्यने ते बुधवारी रात्री गाठले, सायलीने गुरुवारी सकाळी. गुणफलकावर मात्र सायली पहिली आणि आदित्य दुसरा. तिने काही अधिक केलेलं नाही. ती वर आहे याचं कारण एवढंच, की इंग्रजी मुळाक्षरांत तिच्या नावाचं पहिलं अक्षर आदित्यच्या अक्षरानंतर येतं.

थट्टा वाटेल, पण रेडिसवर घाईघाईत उभारलेल्या गुणफलकात नेमकं हेच होतं.

रेडिस ही माहिती साठवणारी एक प्रणाली. साल्वातोरे सानफिलिप्पो या इटालियन प्रोग्रामरने ती २००९ मध्ये लोकांसाठी खुली केली. नेहमीचा डेटाबेस माहिती मुख्यतः डिस्कवर ठेवतो, रेडिस ती मेमरीत ठेवतं, म्हणून ते फार चपळ आहे. त्यातला ‘सॉर्टेड सेट’ हा प्रकार तर गुणफलकासाठीच घडवल्यासारखा आहे. एक नाव, त्याच्यापुढे एक आकडा, आणि यादी सदैव आकड्यांच्या क्रमाने लावलेली. गुण बदलले की नाव आपोआप योग्य जागी सरकतं.

पहिले दहा कोण, हे नेहमीचा डेटाबेसही चटकन सांगतो. अडचण येते ती ‘माझा नंबर कितवा?’ या प्रश्नाला. दोन लाख खेळाडूंत तुमचा नंबर १,१७,००० च्या आसपास असेल, तर तुमच्या वर किती जण आहेत हे मोजावं लागतं, आणि हा प्रश्न प्रत्येक जण प्रत्येक क्विझनंतर विचारतो. रेडिस त्यासाठी ‘स्किप लिस्ट’ वापरतं. मध्य रेल्वेच्या लोकलसारखी ही रचना. स्लो लोकल प्रत्येक स्टेशनावर थांबते, फास्ट दादरहून निघाली की माटुंगा, शीव सोडून थेट कुर्ल्याला. स्किप लिस्टमध्ये अशा फास्ट मार्गांचे अनेक थर असतात. कुठलं नाव वरच्या थरावर जाईल हे नशिबावर सोडलेलं असतं, सरासरी चारातलं एक नाव एक थर वर चढतं. शोध सर्वांत वरच्या थरावरून सुरू होतो आणि गरज पडेल तसा खाली उतरतो. खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक उडीबरोबर ‘या उडीत किती नावं मागे पडली’ हा आकडाही नोंदलेला असतो. वाटेतल्या उड्यांचे हे आकडे बेरीज करत गेलं की नंबर हाती येतो. दोन लाख नावं मोजण्याऐवजी काही डझन पावलांत काम होतं.

आता बरोबरीकडे येऊ. आदित्य, सायली आणि ७९० गुणांचा ओंकार, असे तिघे यादीत टाकले आणि वरून खाली यादी मागितली:

```
ZADD board 840 aditya 840 sayali 790 omkar
ZRANGE board 0 2 REV WITHSCORES
```

उत्तर येतं: sayali, aditya, omkar. दोन आकडे सारखे असले की रेडिस नावांची अक्षरं तपासून क्रम लावतं, आणि यादी उलटी मागितली की हा अक्षरांचा क्रमही उलटतो. म्हणजे बरोबरी झाली की आदित्य दर वेळी सायलीच्या खालीच राहणार. नावाऐवजी खेळाडूचा क्रमांक ठेवला तरी सुटका नाही. u987 आणि u1042 यांची तुलना आकडे म्हणून नव्हे, अक्षरं म्हणून होते. ९ हे १ पेक्षा मोठं, त्यामुळे u987 वर जातो. अशी चूक ओळखायची तर एकाच गुणांवर असलेल्या खेळाडूंची यादी काढून पाहावी. ती ओळीने अक्षरांच्या क्रमात दिसली, तर बरोबरीचा विचार कोणी केलेलाच नाही.

विचार दोन तऱ्हांनी करता येतो. पहिली तऱ्हा म्हणजे बरोबरी मान्य करायची. टोकियो ऑलिंपिकमध्ये पुरुषांच्या उंच उडीत कतारचा बार्शिम आणि इटलीचा टांबेरी या दोघांनाही सुवर्ण मिळालं, रौप्य कुणालाच नाही, पुढचं पदक थेट कांस्य. गुणफलकावर हे करायचं तर यादीतली जागा विचारायची नाही, ‘माझ्यापेक्षा जास्त गुण किती जणांना?’ एवढंच विचारायचं आणि त्यात एक मिळवायचा:

```
ZCOUNT board (840 +inf
ZCOUNT board (790 +inf
```

आकड्याआधीचा एकेरी कंस ‘हा आकडा सोडून’ असं सांगतो. पहिलं उत्तर शून्य, म्हणून सायली आणि आदित्य दोघंही पहिले. दुसरं उत्तर दोन, म्हणून ओंकार तिसरा. जादा साठवणूक नाही, जादा गणित नाही. अभ्यासाच्या अ‍ॅपला माझ्या मते हेच शोभतं.

कूपन एकच असेल तर मात्र कुणाला तरी वर ठेवावंच लागतं. तिथे ‘आधी पोहोचला तो वर’ हा नियम रूढ आहे. रेडिस प्रत्येक नावापुढे एकच आकडा ठेवतं, म्हणून गुण आणि वेळ त्या एकाच आकड्यात बसवायचे. आठवड्यात ६,०४,८०० सेकंद असतात. गुणांना दहा लाखांनी गुणायचं आणि आठवडा संपायला जितके सेकंद उरलेत ते त्यात मिळवायचे. आदित्यने ८४० गाठले बुधवारी रात्री ९ वाजून १५ मिनिटं ३० सेकंदांनी. सोमवारच्या मध्यरात्रीपासून तेव्हा २,४९,३३० सेकंद झाले होते, उरले ३,५५,४७०. त्याचा आकडा 840355470. सायली गुरुवारी सकाळी ८ ला पोहोचली, तिचे उरलेले सेकंद ३,१६,८००, आकडा 840316800. आदित्य वर. उरलेले सेकंद दहा लाखांपेक्षा नेहमीच कमी असल्याने वेळ कधी गुणांवर कुरघोडी करू शकत नाही, आणि पडद्यावर गुण दाखवायचे तर दहा लाखांनी भागून पूर्णांक घेतला की झालं.

या युक्तीला एक मर्यादा आहे. रेडिस हा आकडा ज्या पद्धतीने साठवतं, तीत पूर्णांक साधारण सोळा अंकांपर्यंतच अचूक राहतो. गुण आणि सेकंद यात आरामात बसतात. त्यातच खेळाडूचा क्रमांक वगैरे कोंबायला गेलं तर शेवटचे अंक गुपचूप गोल होतात, चुकीची सूचनाही येत नाही. 9007199254740993 हा आकडा टाकून परत वाचून पाहा, शेवटी ३ ऐवजी २ मिळेल.

खरी गुंतागुंत मात्र गुण वाढवताना होते. आधी प्रत्येक बरोबर उत्तराला ‘दहा गुण वाढव’ एवढी एक आज्ञा पुरत होती. आता गुण वाढले की वेळेचा भागही बदलायला हवा. जुना आकडा वाचा, नवा काढा, लिहा, अशा तीन पावलांच्या मधे त्याच खेळाडूचं दुसरं उत्तर येऊन धडकलं तर एकाचे गुण बुडतात. म्हणून गुणांचा हिशेब वेगळा ठेवावा:

```
HINCRBY points:2026-W02 aditya 10
ZADD board:2026-W02 GT 840355470 aditya
```

पहिली आज्ञा दहा गुण मिळवते आणि नवी बेरीज, म्हणजे ८४०, लगेच हातात देते. दुसरीतलं GT सांगतं, की आधीच्या आकड्यापेक्षा हा मोठा असेल तरच लिही. ही सोय रेडिस ६.२ पासून आहे. दोन उत्तरं उलटसुलट पोहोचली तरी मोठा आकडाच टिकतो. शून्य गुणांच्या क्विझमुळे कुणाची वेळही मागे जात नाही. पण चुकीच्या उत्तराला गुण कापणाऱ्या क्विझमध्ये GT घात करतं, कारण ते आकडा कधीच खाली येऊ देत नाही. तिथे दोन्ही पावलं एका छोट्या लुआ स्क्रिप्टमध्ये घालावीत. स्क्रिप्ट चालू असताना रेडिस मधे दुसरी कुठलीही आज्ञा घेत नाही.

आठवडा संपला की गुणफलक कोरा करायचा, ही शेवटची पायरी सोपी वाटते आणि सर्वांत जास्त गोंधळ तिथेच होतो. रविवारी मध्यरात्री यादी पुसून टाकणारा प्रोग्राम लावला, तर तो उशिरा चालला की सोमवारचे गुणही पुसले जातात, आणि तो चाललाच नाही तर जुने गुण नव्या आठवड्यात शिरतात. शिवाय निकालाबद्दल तक्रार आली तर दाखवायला काही उरत नाही. पुसूच नये. प्रत्येक आठवड्याची यादी वेगळी, तिच्या नावातच आठवडा. सोमवारचं पहिलं उत्तर आलं की नवी यादी आपोआप जन्माला येते. जुनीला EXPIREAT ने पुढची ठरावीक तारीख देऊन ठेवली, की ती तेव्हा स्वतःच नाहीशी होते.

आठवड्याचं नाव बनवताना डिसेंबरअखेर जपावं. आंतरराष्ट्रीय पद्धतीत आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो, त्या वर्षाचा तो आठवडा. २९ डिसेंबर २०२५ हा सोमवार २०२६ च्या पहिल्या आठवड्यातला. प्रोग्राममध्ये साधं कॅलेंडरचं वर्ष घेतलं, म्हणजे %G ऐवजी %Y लिहिलं, तर सोमवार ते बुधवारचे गुण 2025-W01 मध्ये पडतात आणि गुरुवार १ जानेवारीपासूनचे 2026-W01 मध्ये. एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री, सगळे शुभेच्छा पाठवत असताना, गुणफलक कोरा होतो. ही चूक वर्षातून एकदाच डोकं वर काढते, म्हणून चाचणीत सहसा सापडत नाही.

दुसरा सापळा घड्याळाचा. सर्व्हरचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. भारतीय वेळ मुद्दाम सांगितली नाही तर आठवडा सोमवारी पहाटे साडेपाचला बदलतो, आणि रात्री एकला खेळणाऱ्याचे गुण संपलेल्या आठवड्यात जातात. अकरा एकोणसाठला सुरू केलेली क्विझ बारा वाजून एक मिनिटाने संपली तर ती कुठल्या आठवड्यात, हेही आधीच ठरवावं. उत्तर सर्व्हरवर पोहोचलं ती वेळ धरणं सरळ पडतं, कारण फोनचं घड्याळ कुणीही मागेपुढे करू शकतो.

बक्षिसाचा अंतिम निकाल मात्र केवळ रेडिसच्या भरवशावर सोडू नये. नेहमीच्या सेटिंगमध्ये यंत्र अचानक बंद पडलं तर शेवटच्या काही नोंदी हरवू शकतात. प्रत्येक उत्तराची नोंद मुख्य डेटाबेसमध्ये वेळेसह असली, की गुणफलक केव्हाही पुन्हा उभा करता येतो.

अ‍ॅप चालवणाऱ्यांना एक विनंती. नियमांच्या पानावर दोन ओळी स्पष्ट लिहा: गुण सारखे झाले तर वर कोण, आणि आठवडा कोणत्या देशाच्या घड्याळाने किती वाजता संपतो.