अंतरिम पोटगी : उत्पन्न कसे ठरते?

घटस्फोटाचा दावा प्रलंबित असताना स्वतःचे पुरेसे उत्पन्न नसलेल्या पतीस वा पत्नीस हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 24 अन्वये निर्वाहखर्च मागता येतो. सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 मधील रजनेश विरुद्ध नेहा या निर्णयानुसार दोघांनीही मालमत्ता व देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावयाचे असते. पगारदाराचे उत्पन्न सहज कळते. खरी अडचण दुकानदाराची. समजा, पती मासिक प्राप्ती 8,000 रुपये सांगतो, पण त्याच्या बँकेच्या खातेउताऱ्यात मोटारीच्या कर्जाचा 9,000 रुपयांचा हप्ता दरमहा दिसतो. अशा वेळी न्यायालय राहणीमानावरून उत्पन्नाचा अंदाज बांधते. पत्नी शिवणकामातून थोडे मिळविते, एवढ्यावरून तिचा अर्ज फेटाळला जात नाही; घरभाडे, औषधोपचार यांस ती मिळकत पुरते काय, हे पाहिले जाते. मंजूर रक्कम अर्जाच्या तारखेपासून देय असते.