लसीच्या कार्डाचा फोटो वाचताना

बाळाच्या लसीकरण कार्डाचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर येतो तो बहुधा तिरका, अर्धा सावलीत आणि एकाच पानाचा. खाली एक ओळ असते, ‘मावशी, सगळं वेळेवर आहे ना गं?’ विचारणाऱ्या भाचीला ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढंच ऐकायचं असतं. पण पहिल्या नजरेत यातलं काहीच सांगू नये. उत्तर देणारी मावशी निवृत्त सिस्टर असली तरीही.

सरकारी माता-बाल संरक्षण कार्डाचं एक उदाहरण घेऊ. तारखा कल्पित आहेत, मात्र हिशेब खरा आहे. मुलगा ५ जुलै २०२४ चा. फोटो आला आहे डिसेंबर २०२५ च्या मध्यात. म्हणजे मुलाला सतरा महिने पूर्ण झालेत. सुरुवात या जन्मतारखेपासून करायची, कारण पुढचं सगळं मोजमाप तिथून होतं. फोटोत जन्मतारीख नसेल तर ती आधी मागून घ्यावी. ‘साधारण दीड वर्षाचा आहे’ यावर वेळापत्रक वाचता येत नाही.

सरकारी वेळापत्रक भेटींच्या रूपात लक्षात ठेवलं की सोपं जातं. जन्मतः बीसीजी, पोलिओचा शून्य डोस आणि कावीळ ‘ब’ची लस. मग सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या तीन भेटी. सहाव्या आठवड्यात पाच लसी असतात: तोंडावाटे पोलिओ, पेंटा, रोटा, न्यूमोनियाची पीसीव्ही आणि दंडात त्वचेच्या थरातच दिली जाणारी पोलिओची आयपीव्ही. दहाव्या आठवड्यात फक्त पोलिओ, पेंटा आणि रोटा. चौदाव्या आठवड्यात पुन्हा पाच. म्हणून दहा आठवड्यांच्या ओळीत पीसीव्ही आणि आयपीव्ही दिसली नाही तर काही चुकलेलं नाही, त्या भेटीत त्या नसतातच. नऊ महिने पूर्ण झाल्यावर गोवर-रुबेलाचा पहिला डोस, पीसीव्हीचा बूस्टर, आयपीव्हीचा तिसरा डोस आणि जीवनसत्त्व ‘अ’. त्यानंतरची भेट सोळा ते चोवीस महिन्यांमधली.

आपल्या कार्डावर जन्माच्या ओळीत बीसीजी आणि पोलिओ यांच्यासमोर तारीख आहे, कावीळ ‘ब’ची जागा रिकामी. पुष्कळ आयांचा जीव इथेच खाली-वर होतो. तो डोस सरकारी कार्यक्रमात जन्मानंतर २४ तासांतच देतात. ती वेळ गेली की महिन्या-दोन महिन्यांनी मागे जाऊन ती जागा कुणी भरत नाही. पेंटा म्हणजे पाच आजारांची एकत्र लस, आणि कावीळ ‘ब’ त्या पाचांत आहेच. त्यामुळे पेंटाचे तिन्ही डोस झाले आहेत का, इकडे नजर वळवायची. आईला स्वतःला ही कावीळ असेल तर मात्र हा रिकामा चौकोन साधा राहत नाही, तो डॉक्टरांना दाखवलाच पाहिजे. आईचा रिपोर्ट काय होता हे बाळाच्या लसींच्या पानावरून कळणार नाही.

आता पेंटा. पहिला डोस २१/८, दुसरा ३०/१०, तिसरा २१/११. छापील वेळापत्रकाशी ताडून पाहिलं तर पहिला डोस ठीक आहे, दुसरा उशिरा. तो सप्टेंबरमध्ये व्हायला हवा होता आणि झाला दिवाळीच्या तोंडावर. घरातली मंडळी या उशिराला घाबरतात, ‘आता पहिल्यापासून सुरू करायला लागेल का’ असं विचारतात. तसं करावं लागत नाही. मधे कितीही दिवस गेले तरी जिथे थांबलं तिथून पुढे जायचं असतं, झालेला डोस वाया जात नाही. उशिराचा तोटा एवढाच की मधल्या काळात बाळाला संरक्षण अपुरं असतं.

उलट बाजू सहसा कुणाच्या लक्षात येत नाही, ती म्हणजे घाई. पेंटाच्या दोन डोसांत किमान चार आठवडे, म्हणजे २८ दिवस, जायला हवेत. ३० ऑक्टोबर ते २१ नोव्हेंबर हे अंतर भरतं बावीस दिवसांचं. वयाच्या हिशेबाने मुलगा चौदा आठवडे केव्हाच ओलांडून गेलेला आहे, त्यामुळे वरवर पाहणाऱ्याला ही ओळ निर्दोष वाटेल. प्रत्येक तारीख जन्मतारखेशी जुळवायची आणि शिवाय आधीच्या डोसाशीही, ती अशासाठी.

पण बावीस दिवस दिसले म्हणून ‘तिसरा डोस चुकीचा दिला’ असं लगेच लिहून पाठवायचं नाही. आधी स्वतःच्या वाचनावर शंका घ्यायची. सिस्टर घाईत, मांडीवर कार्ड ठेवून लिहितात. इंग्रजी आकड्यांतला एक आणि सात फोटोत एकसारखे दिसतात. देवनागरी एक आणि इंग्रजी नऊ यांची गफलत तर आपल्याकडे ठरलेलीच, कारण एकाच कार्डावर दोन्ही लिप्या नांदतात. इथे वार उपयोगी पडतो. उपकेंद्रात किंवा अंगणवाडीत लसीकरणाचा दिवस बहुधा ठरलेला असतो. २०२४ चं कॅलेंडर उघडलं तर २१ ऑगस्ट बुधवार, ३० ऑक्टोबरही बुधवार. २१ नोव्हेंबर मात्र गुरुवार, आणि २७ नोव्हेंबर बुधवार. ३० ऑक्टोबरनंतर २७ नोव्हेंबर हा बरोबर अठ्ठाविसावा दिवस. म्हणजे तो आकडा सात असण्याची शक्यता दाट आहे. तरी ती शक्यताच. भाचीकडून त्या ओळीचा उजेडातला, जवळून काढलेला फोटो मागवायचा, आणि तरीही संशय उरला तर सिस्टरांकडे राहिलेला कार्डाचा अर्धा भाग किंवा त्यांची नोंदवही पाहायला सांगायची. यू-विनवर नोंद असेल तर तिथेही तारीख मिळते.

खाली आलो की नऊ महिन्यांची भेट: २/४/२०२५. गोवर-रुबेला, पीसीव्ही बूस्टर आणि जीवनसत्त्व ‘अ’ यांच्यासमोर हीच तारीख. आयपीव्हीचा तिसरा डोस कुठेच दिसत नाही. हा डोस जानेवारी २०२३ पासून सुरू झाला. त्याआधी छापलेल्या कार्डांवर त्याला चौकोनच नाही, सिस्टर तो समासात हाताने लिहितात आणि फोटो काढताना नेमका समास कापला जातो. रिकामी जागा दिसली की डोस दिला नाही, दिला पण लिहिला नाही, लिहिला पण फोटोत आला नाही किंवा या मुलाला तो लागूच नव्हता, यांपैकी काहीही असू शकतं. जपानी मेंदूज्वराची लस या शेवटच्या प्रकारातली. ती ठरावीक जिल्ह्यांतच देतात, त्यामुळे ती ओळ कोरी पाहून कुणी घाबरू नये. आपला जिल्हा त्यात आहे की नाही हे आशाताई सांगतील.

त्या २ एप्रिलमध्ये आणखी एक गोष्ट दडलेली आहे. गोवर-रुबेलाचा पहिला डोस नऊ महिने पूर्ण झाल्यावर द्यायचा असतो. आईकडून आलेली प्रतिपिंडं बाळाच्या अंगात त्याआधी बऱ्यापैकी शिल्लक असतात आणि ती लसीला नीट लागू पडू देत नाहीत. कॅलेंडरप्रमाणे नऊ महिने ५ एप्रिलला पूर्ण होतात, म्हणजे डोस तीन दिवस आधी पडला. तीस दिवसांचा महिना धरून मोजलं तर त्या दिवशी मुलगा २७१ दिवसांचा होता, म्हणजे नऊ महिने झालेही होते. तो डोस धरायचा की नाही, हा निर्णय फोटो पाहणाऱ्याचा नव्हेच. आपण एवढंच लिहायचं की ‘ही तारीख डॉक्टरांना दाखव आणि हा डोस धरला आहे ना, विचार.’ धरला म्हणून आपण आश्वासन देऊन टाकणं आणि धरला नाही म्हणून घाबरवणं, दोन्ही सारखीच आगाऊ कामं.

शेवटच्या ओळीत गोवर-रुबेलाच्या दुसऱ्या डोसासमोर ५/११ लिहिलंय. भाची म्हणते, ‘तो झालाय बहुतेक, तारीख आहे ना!’ इथे सगळ्यात जास्त लोक फसतात. पुढच्या भेटीची तारीख सिस्टर अनेकदा त्याच चौकोनात पेन्सिलीने टाकून ठेवतात, आणि फोटोत पेन आणि पेन्सिल यांतला फरक उरत नाही. मग ओळखायचं कसं? ५ नोव्हेंबर २०२५ ला मुलगा बरोबर सोळा महिन्यांचा होतो, त्यामुळे ही तारीख मोजून काढलेली वाटते. शिवाय त्याच भेटीत डीपीटीचा पहिला बूस्टर आणि पोलिओचा बूस्टर सोबत द्यायचा असतो, आणि त्या दोन्ही जागा कोऱ्या आहेत. एकाच भेटीतल्या लसी सहसा एकत्रच दिल्या जातात. त्यात त्या दिवशी गुरुनानक जयंतीची सुट्टी होती. सही नाही, बॅच नंबर नाही. हा डोस झालेला नाही असं धरून चौकशी करावी.

आणि तो झाला नसला तरी ‘राहून गेला’ म्हणायचं कारण नाही. या भेटीची मुदत सोळा ते चोवीस महिने अशी आहे, म्हणजे या मुलासाठी ५ जुलै २०२६ पर्यंत. खिडकी उघडी आहे म्हणून रेंगाळू मात्र नये. सतरा महिने झालेत, आता येत्या सत्राला जावं. पल्स पोलिओच्या दिवशी बूथवर पाजलेले थेंब या बूस्टरच्या जागी धरत नाहीत, ते वेगळे आणि जादाचे.

कार्ड खासगी बालरोगतज्ज्ञांचं असेल तर वरचं कोष्टक जसंच्या तसं लावू नये. तिथे पेंटाच्या जागी सहा आजारांची हेक्सा दिलेली असते, तिच्यात आयपीव्ही आधीच असते, त्यामुळे आयपीव्हीची ओळ कोरी राहते. रोटाचे काही ब्रँड दोनच डोसांचे आहेत. नऊ महिन्यांना गोवर-रुबेलाऐवजी गालगुंडासह एमएमआर असते. टायफॉइड, कांजिण्या, हिपॅटायटिस ‘ए’ अशा सरकारी यादीत नसलेल्या नोंदीही दिसतात. बाटलीवरचं स्टिकर डकवलेलं असेल तर नावावरून लस ओळखता येते. नाव वाचता आलं नाही तर अंदाज करू नये.

आता भाचीला उत्तर काय जाईल? साधारण असं: ‘फोटोवरून दिसतंय त्याप्रमाणे दुसरा पेंटा उशिरा झाला, पण मालिका पुढे गेलीय, पुन्हा सुरू करावी लागत नाही. तिसऱ्या पेंटाची तारीख २१ आहे की २७, ते मूळ कार्डावर बघ. आयपीव्हीचा तिसरा डोस समासात लिहिलाय का बघ. गोवरच्या पहिल्या डोसाची तारीख नऊ महिन्यांच्या अगदी काठावर आहे, ती डॉक्टरांना दाखव. सोळा महिन्यांची भेट बाकी दिसते, कार्ड घेऊन या आठवड्यात जाऊन ये. हे मी फोटोवरून सांगतेय, शेवटचा शब्द त्यांचा.’ यात ‘सगळं वेळेवर आहे’ हे वाक्य कुठेच नाही. आणि फोटो पुढे कुणाला पाठवायचा असेल तर मोबाइल नंबर आणि नोंदणी क्रमांक झाकून पाठव, हेही जोडून द्यावं.

कार्डात न मावणारी माहिती भाचीने स्वतः डॉक्टरांना सांगायची असते. मूल दिवस भरण्याआधी जन्मलं असेल तरी लसींचं वय सहसा जन्मतारखेपासूनच मोजतात, पण वजन फार कमी असेल तर डॉक्टर वेगळा विचार करू शकतात. मागच्या पेंटानंतर झटके आले होते का, मूल दीर्घकाळ स्टेरॉइडवर आहे का, घरात कुणाला प्रतिकारशक्तीचा आजार आहे का, हे तारखांमधून कळत नाही. अलीकडे रक्त चढवलं असेल तर गोवरची लस काही महिने पुढे ढकलावी लागू शकते. अशा मुलाचा रिकामा चौकोन कदाचित डॉक्टरांनी समजून उमजून रिकामा ठेवलेला असतो.